चेपायचे ते पहिल्या तीस सेकंदांत

बर्गर कसा करावा हे शिकवणारा अमेरिकेतला जवळजवळ प्रत्येक स्वयंपाकी एक ताकीद देतो: तव्यावरची पॅटी उलथण्याने दाबू नका, सगळा रस निघून जातो. त्याच अमेरिकेत एक बर्गर असा आहे की पॅटी दाबली नाही तर तो होतच नाही. त्याला स्मॅश बर्गर म्हणतात. खिम्याचा गोळा कडक तापलेल्या तव्यावर ठेवायचा आणि अंगातले सगळे बळ लावून तो पाच-सहा मिलिमीटर जाडीचा होईपर्यंत चेपायचा. दोन्ही स्वयंपाकी आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिला जे दाबणे टाळायला सांगतो ते तिसऱ्या-चौथ्या मिनिटाचे. दुसरा दाबतो ते पहिल्या अर्ध्या मिनिटात.

ही पद्धत तशी जुनी. अमेरिकेच्या मधल्या राज्यांतल्या लहान खाणावळींत लोखंडी सपाट तव्यावर पातळ पॅटी चेपून भाजायची रीत शंभर वर्षांपूर्वीही होती. ओक्लाहोमातल्या एल रेनो गावी तर गोळ्यावर कांद्याच्या पातळ चकत्यांचा ढीग ठेवून तो मांसातच दाबतात. इलिनॉयमध्ये १९३४ साली सुरू झालेल्या ‘स्टेक एन शेक’ने पातळ, कडा खरपूस झालेली पॅटी आपली ओळख बनवली. २००७ साली डेन्व्हरमध्ये ‘स्मॅशबर्गर’ नावाची साखळीच निघाली आणि खाणावळीतल्या पोरांची ही हातोटी घरोघरच्या चर्चेचा विषय झाली.

आता त्या अर्ध्या मिनिटात काय असते ते पाहू. फ्रिजमधून नुकताच काढलेला गोमांसाचा खिमा चार-पाच अंश सेल्सिअसवर असतो. त्यातली चरबी घट्ट असते, दाण्यादाण्यांनी पसरलेली. पाणी मांसाच्या तंतूंमध्ये धरलेले असते. अशा गोळ्यावर कितीही जोर लावा, बाहेर गळण्यासारखे सुटे असे काही नसतेच. गोळा फक्त पसरतो. मांस तापू लागले की चित्र बदलते. चाळीस अंशांच्या पुढे चरबी पातळ होते. पन्नासच्या आसपास प्रथिने घट्ट होऊ लागतात, आणि साठ ओलांडल्यावर तंतूंभोवतीच्या पापुद्र्यांतले कोलॅजन आकसून आतले पाणी पिळून काढायला लागते. आता पॅटीत मोकळा रस आणि वितळलेली चरबी असते, आणि उलथण्याचा एक दाब दोन्ही तव्यावर ओतून देतो. जे. केंजी लोपेझ-आल्ट या पाकशास्त्रावर लिहिणाऱ्या लेखकाने हीच मर्यादा लोकांपुढे मांडली: पहिल्या तीस सेकंदांत दाबा, रसाचे नुकसान होत नाही, नंतर दाबलेत तर होते.

पण मुळात दाबायचे कशासाठी? खिम्याचा गोळा तव्याला टेकतो तो रुपयाएवढ्या जागेत. बाकीचे मांस वाफेवर शिजते. तळाशीही खिम्याची पाठ खडबडीत असल्याने मधे हवेचे आणि वाफेचे कप्पे राहतात. मांस तपकिरी होऊन जो खमंग वास सुटतो तो मेलार्ड प्रक्रियेचा. शर्करा आणि अमिनो आम्ले एकमेकांशी संयोग पावतात, आणि ती क्रिया जोरात चालायला एकशे चाळीस अंशांच्या वरचे तापमान लागते. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथले तापमान शंभराच्या वर चढत नाही. म्हणजे आधी त्या थरातले पाणी उडाले पाहिजे, तेही झटपट, नाहीतर आतले मांस शिजून चिवट होईल तरी वरून रंग येणार नाही. चेपल्याने मांसाचा कण न् कण धातूला चिकटतो आणि पाणी उडवायला लागणारी उष्णता थेट मिळते. स्मॅश बर्गरची सगळी चव या एका थरात आहे. आतला भाग जेमतेम सांभाळायचा असतो.

म्हणून तवा जड हवा. दहा ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढी अडीच किलोच्या बिडाच्या तव्यातून काढून घेतली तर तवा वीसेक अंशांनी खाली येतो. दोन पॅटींमधून याहून कितीतरी जास्त पाणी उडते. खालची आच काही तूट भरून काढते, पण सगळी नाही. अर्धा-पाऊण किलोचा ॲल्युमिनियमचा पॅन असेल तर तो पहिल्या अर्ध्या मिनिटातच ढेपाळतो. बिड किंवा जाड पोलादच घ्यावे. नॉनस्टिक तर नकोच. त्याच्या थराला अडीचशे अंशांच्या पुढची आच सोसत नाही, आणि मांस धातूला घट्ट धरून बसणे हीच इथे कामाची गोष्ट आहे.

तव्याचे तापमान दोनशे ते दोनशे तीस अंश हवे. इन्फ्रारेड तापमापी असेल तर मधोमध आणि कडेला, दोन्हीकडे मोजा, कारण बिड उष्णता सावकाश पसरवते आणि ज्वाळेच्या वरचा भाग कडेपेक्षा पन्नास अंशांनीही पुढे असू शकतो. मध्यम-मोठ्या आचेवर सात-आठ मिनिटे तापू दिले की हा फरक कमी होतो. तापमापी नसेल तर पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो फसफसून जागीच आटला तर तवा अजून कच्चा आहे. गोळी होऊन तव्यावर पळू लागला तर मांस टाकायला हरकत नाही. तेल मात्र अगदी पुसट, कागदाने पुसून घेतल्याएवढे. त्यातून धुराची पहिली बारीक रेघ निघाली की समजावे. भसाभस धूर म्हणजे जास्त झाले.

आता एक दुहेरी बर्गर अथपासून इतिपर्यंत करून पाहू. वीस टक्के चरबीचा गोमांसाचा खिमा, सत्तावन्न ग्रॅमचे दोन गोळे. सत्तावन्न म्हणजे अमेरिकन मापाने दोन औंस. गोळे हलक्या हाताने, जेमतेम आकार येईल एवढेच वळायचे. मळायचे नाहीत, आणि मीठ आत घालायचे नाही. मिठाने मायोसिन नावाचे प्रथिन सुटे होऊन मांसाला चिकटवते आणि पॅटी सॉसेजसारखी रबरी होते. गोळे फ्रिजमध्येच राहू द्यावेत. बन आधीच लोण्यावर भाजून बाजूला ठेवावा, कारण एकदा मांस तव्यावर पडले की दुसरे काही करायला हात मोकळा नसतो.

गोळे तव्यावर ठेवा, मधे भरपूर जागा सोडून. प्रत्येकावर बटर पेपरचा चौकोन टाका, नाहीतर वर उचलताना मांस उलथण्याला चिकटून येते. जाड, न वाकणाऱ्या उलथण्याने, वरून दुसऱ्या हाताचा जोर देत एक गोळा दाबा आणि तो दाब दहा सेकंद तसाच धरून ठेवा. मग दुसरा. व्यास अकरा-बारा सेंटिमीटर झाला पाहिजे, बनपेक्षा बोटभर मोठा, कारण पॅटी आकसणार आहे. कडा फाटक्या, जाळीदार झाल्या तर उत्तम. त्याच सगळ्यात कुरकुरीत होतात. कागद सोलून काढा, वरून मीठ-मिरपूड भुरभुरा. हे सगळे वीस-पंचवीस सेकंदांत उरकते. त्यानंतर हात लावायचा नाही.

पहिली बाजू साठ ते नव्वद सेकंद भाजते. घड्याळापेक्षा पॅटीकडे बघणे चांगले. कडा आधी राखाडी, मग गडद तपकिरी होतात, आणि वरच्या कच्च्या बाजूवर रसाचे मणी उमटतात. मधला भाग अजून थोडा गुलाबी दिसत असतानाच उलटायची वेळ झालेली असते. इथे उलथणे नुसते आत सरकवून चालत नाही. धार असलेली स्टीलची पट्टी जवळजवळ आडवी धरून, तव्यावर टेकवून, जोराने पुढे रेटायची, म्हणजे खरपूस थर पॅटीबरोबर सुटून येतो. तो तव्यावरच राहिला तर सगळी मेहनत तव्याने खाल्ली असे समजा.

दुसऱ्या बाजूला तीस सेकंद पुरतात. लगेच चीज ठेवायचे. अमेरिकन चीजच्या चकत्या इथे शोभतात, कारण त्यांतल्या क्षारांमुळे तूप न सुटता त्या एकजीव वितळतात. एक पॅटी दुसरीवर चढवून थेट बनमध्ये. दोन्ही बाजूंना सारखा वेळ द्यायचा नेहमीचा हिशेब इथे चुकीचा आहे. पॅटी इतकी पातळ असते की पहिल्याच बाजूवर ती जवळजवळ शिजलेली असते. दुसऱ्या बाजूला तोच खरपूसपणा आणू गेलात तर हाती पापड येईल.

बिघडले तर कसे ओळखावे? चर्रर्र आवाज येण्याऐवजी पॅटीभोवती पाणी साचून ते उकळू लागले, तर तवा थंड होता किंवा पॅटी जास्त झाल्या. अशी पॅटी वाचत नाही, पुढची करताना तवा पुन्हा तापू द्या. पॅटी मधे फुगीर आणि कडेला कोरडी झाली तर चेपायला उशीर झाला. खालचा थर घट्ट झाल्यावर गोळा पसरत नाही, फाटतो. खाताना कडवट लागले तर तव्यावर मागच्या खेपेची जळकी खरवड राहिली असणार. प्रत्येक खेपेनंतर पट्टीने तवा खरवडून काढायला पाच सेकंद लागतात, ते द्यावेत.

महाराष्ट्रात गायींच्या कत्तलीवर आधीपासूनच आणि बैलांच्या कत्तलीवर २०१५पासून बंदी असल्याने इथे बहुतेकांच्या हाती बोकडाचा किंवा म्हशीचा खिमा असेल. दोन्हींत चरबी कमी असते, तेव्हा खाटकाला चरबी वेगळी मागून पाच भागांत एक भाग पडेल अशी खिम्यातच काढून घ्यावी. मटणाची चरबी गोमांसाच्या मानाने लवकर थिजते, म्हणून बर्गर तव्यावरून उतरताच खावा. चिकनच्या खिम्याला ही पद्धत मानवत नाही. तो ओला आणि चिकट असतो, जाळी धरत नाही, आणि खरपूस होईपर्यंत आत कोरडा पडतो.

ज्यांना आत गुलाबी, रसरशीत, जाड बर्गर आवडतो त्यांनी या वाटेला जाऊ नये. खिम्याच्या गोमांसासाठी अमेरिकी सरकार एकाहत्तर अंशांची शिफारस करते, आणि पाच मिलिमीटरची पॅटी दीड-दोन मिनिटांत तिथवर पोहोचतेच. गुलाबी काही उरत नाही. बाकीच्यांनी खिडकी उघडावी, पंखा लावावा आणि एका तव्यावर एका वेळी दोनच पॅटी टाकाव्यात.