तीन विंगांची वसुली, एकच गोषवारा

सोसायटीच्या तिन्ही विंगांचे प्रतिनिधी मेंटेनन्सची वसुली आपापल्या गूगल शीटमध्ये लिहितात. खजिनदाराला एकूण आकडा हवा असतो. दर आठवड्याला कॉपी-पेस्ट करण्यापेक्षा त्याने आपल्या गोषवाऱ्याच्या फाइलमध्ये ‘A विंग’ नावाचा रिकामा टॅब उघडावा आणि A1 मध्ये हे सूत्र लिहावं:

```
=IMPORTRANGE("A विंगच्या शीटची लिंक","वसुली!A1:D")
```

पहिल्या अवतरणात ब्राउझरमधली पूर्ण लिंक पेस्ट करायची. दुसऱ्यात टॅबचं नाव, उद्गारचिन्ह आणि रकाने. D पुढे आकडा नाही, म्हणून उद्या भरलेली नवी ओळही आपोआप येते.

सुरुवातीला `#REF!` दिसेल. त्यावर कर्सर नेला की परवानगीचं बटण येतं, ते एकदा दाबायचं. म्हणूनच हे सूत्र आधी एकटंच लिहावं. बेरजेच्या सूत्रात गुंडाळलं, तर ते बटण बरेचदा दिसतच नाही. मात्र परवानगी संपूर्ण फाइलला मिळते. गोषवारा संपादित करू शकणारा कुणीही मग A विंगच्या फाइलमधला दुसरा टॅबही ओढून आणू शकतो. रहिवाशांचे फोन नंबर तिथे ठेवू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

रक्कम D रकान्यात असेल, तर गोषवाऱ्यात `=SUM('A विंग'!D2:D)` पुरतं. आलेल्या माहितीच्या जागेत कुणी काही टाइप केलं, तर सगळा तक्ता गायब होऊन पुन्हा `#REF!` येतो. तो मजकूर पुसला की तक्ता परततो. मूळ टॅबचं नाव बदललं, तर सूत्रातही हातानेच बदलावं लागतं.