विश्लेषण : कार्टमध्ये राहिलेली खरेदी जाहिरातीमुळे पूर्ण होते की आपोआप?

ऑनलाइन दुकानात एखादी वस्तू कार्टमध्ये टाकून पैसे न भरता बाहेर पडलात, की तीच वस्तू पुढचे काही दिवस फोनवर तुमची पाठ सोडत नाही. नंतर खरेदी झाली की तिचे श्रेय जाहिरातीच्या खात्यात जमा होते. पण ती जाहिरात दिसली नसती तर खरेदी झालीच नसती का? विक्रेत्याच्या नफ्या-तोट्याचा हिशेब या एका प्रश्नावर कसा फिरतो, याविषयी…

पाठलाग करणारी जाहिरात काम कशी करते?

दुकानाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये जाहिरात कंपनीचा एक छोटा कोड बसवलेला असतो. तुम्ही साडी कार्टमध्ये टाकली, पण पैसे भरले नाहीत, याची नोंद तो कोड जाहिरात कंपनीकडे पाठवतो. त्यानंतर तुम्ही समाजमाध्यम उघडा किंवा बातमी वाचा, तिथली मोकळी जागा विकत घेऊन त्याच साडीचे चित्र तुमच्यासमोर आणले जाते. याला ‘रिटार्गेटिंग’ म्हणतात. ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणाऱ्या बेमार्ड या संस्थेच्या मते साधारण ७० टक्के कार्ट खरेदी न होताच सुटतात. त्यामुळे या ग्राहकांना परत आणण्यावर विक्रेते मोठा खर्च करतात.

डॅशबोर्डवरचा आकडा फुगतो कसा?

कार्ट सोडलेला प्रत्येक ग्राहक हातचा गेलेला नसतो. कुणाचा ओटीपी आलेला नसतो, कुणाचे यूपीआय अडकलेले असते, कुणी पगाराची वाट पाहत असतो, तर कुणाला रात्री घरच्यांना विचारून मग ऑर्डर द्यायची असते. अनेक जण कार्टचा उपयोग आवडीच्या वस्तूंची यादी म्हणूनच करतात. यांतले बरेच जण एक-दोन दिवसांत स्वतःहून परत येतात.

याच दिवसांत त्यांना जाहिरातही दिसत असते. जाहिरात कंपन्यांची मोजणी एका ठरावीक मुदतीवर चालते. उदाहरणार्थ, जाहिरातीवर क्लिक केल्यापासून सात दिवसांत किंवा ती नुसती दिसल्यापासून एका दिवसात खरेदी झाली, तर ती जाहिरातीमुळे झाली असे धरले जाते. म्हणजे पगार झाल्यावर साडी घ्यायचीच असे ठरवून बसलेल्या ग्राहकाच्या फोनवर आदल्या संध्याकाळी जाहिरात सरकून गेली, तरी ती ऑर्डर ‘परत मिळवलेली’ ठरते. त्यातच जाहिराती दोन कंपन्यांकडे दिल्या असतील, तर एकाच ऑर्डरवर दोघीही हक्क सांगतात. डॅशबोर्ड इथे खोटे बोलत नाही. जाहिरातीनंतर किती ऑर्डर आल्या, एवढेच तो सांगतो. जाहिरातीमुळे किती आल्या, हे त्याला माहीत नसते.

मग खरा परिणाम मोजायचा कसा?

औषधांच्या चाचणीत जे करतात, तेच इथे करावे लागते. कार्ट सोडणाऱ्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी करायची. एका गटाला जाहिरात दाखवायची, दुसऱ्याला मुद्दाम दाखवायची नाही. या दुसऱ्या गटाला ‘होल्डआउट’ गट म्हणतात. ईमेल, व्हॉट्सॲप संदेश, ॲपची सूचना असे बाकी सगळे दोघांसाठी सारखेच ठेवायचे. होल्डआउट गटातून आलेल्या ऑर्डर म्हणजे जाहिरातीशिवायही झाल्याच असत्या, अशा ऑर्डर. दोन्ही गटांतला फरक ही जाहिरातीची खरी कमाई.

विभागणी फोन किंवा ब्राउझरनुसार न करता ग्राहकाच्या खात्यानुसार करणे चांगले. नाहीतर एकच माणूस मोबाइलवर एका गटात आणि लॅपटॉपवर दुसऱ्या गटात जातो आणि दोन्ही गट मिसळतात.

उदाहरणादाखल हिशेब काय सांगतो?

समजा, एका ऑनलाइन साडी विक्रेत्याकडे महिन्याभरात २०,००० जणांनी कार्ट सोडली. त्यांचे दहा-दहा हजारांचे दोन गट केले. पहिल्या गटासाठी जाहिरातींवर ३०,००० रुपये खर्च झाले. साडीचा भाव १,५०० रुपये आणि माल, पॅकिंग, कुरिअर वजा जाता एका ऑर्डरमागे ३०० रुपये सुटतात.

महिन्याअखेरीस डॅशबोर्डने ६०० ऑर्डर परत मिळवल्याचे दाखवले. म्हणजे एका ऑर्डरसाठी जाहिरातीवर फक्त ५० रुपये खर्च आणि १ लाख ८० हजार रुपयांची कमाई. हा आकडा पाहून कुणीही पुढच्या महिन्यात खर्च दुप्पट करील.

आता दोन्ही गटांच्या सगळ्या ऑर्डर मोजू. जाहिरातीच्या गटातून एकूण ८४० ऑर्डर आल्या. होल्डआउट गटातून, एकही जाहिरात न दाखवता, ७६० आल्या. फरक फक्त ८० ऑर्डरचा. म्हणजे डॅशबोर्डवरच्या ६०० पैकी ५२० ऑर्डर तशाही येणारच होत्या. एका खऱ्या जादा ऑर्डरचा खर्च ५० नव्हे, ३७५ रुपये पडला. कमाई ८० गुणिले ३००, म्हणजे २४,००० रुपये आणि खर्च ३०,००० रुपये. जी मोहीम सर्वांत फायद्याची वाटत होती, तिच्यात सहा हजारांचा तोटा निघाला.

कूपन दिले तर?

पुष्कळदा आठवणीच्या जाहिरातीसोबत दहा टक्के सवलतही दिली जाते. सवलतीमुळे जादा ऑर्डर वाढू शकतात, पण तिचा लाभ तशीही खरेदी करणाऱ्यांनाही मिळतो. वरच्या उदाहरणात ५२० जणांनी ते कूपन वापरले, तर प्रत्येकी १५० रुपयांप्रमाणे ७८,००० रुपये पूर्ण भाव द्यायला तयार असलेल्या ग्राहकांना परत गेले. हा आकडा जाहिरातीच्या खर्चाच्या अडीचपटीहून अधिक आहे. शिवाय कार्ट सोडली की कूपन येते, हे एकदा लक्षात आले की ग्राहक मुद्दाम कार्ट सोडू लागतात आणि ‘परत मिळवलेल्या’ ऑर्डर आणखी वाढलेल्या दिसतात. म्हणून कूपनची चाचणी वेगळा गट करून, वेगळीच घ्यावी लागते.

तुलना करताना चूक कुठे होते?

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे ज्यांनी जाहिरात पाहिली त्यांची तुलना ज्यांनी पाहिली नाही त्यांच्याशी करणे. हे सोपे वाटते, पण जाहिरात दिसणारे लोक मुळात वेगळे असतात. ते फोनवर जास्त वेळ असतात, ऑनलाइन खरेदीही जास्त करतात. शिवाय खरेदीची शक्यता ज्यांच्याबाबतीत अधिक, त्यांनाच जाहिरात दाखवायची, असे जाहिरात कंपनीची यंत्रणा स्वतःच ठरवत असते. म्हणून तुलना दहा हजार विरुद्ध दहा हजार, अशी पूर्ण गटांचीच हवी, मग पहिल्या गटातल्या काहींना जाहिरात दिसली नसली तरी चालेल.

दुसरी चूक मोजणी लवकर थांबवण्याची. बुधवारी होणारी खरेदी आठवण दिल्यामुळे शनिवारीच झाली, तर तिसऱ्या दिवशी दोन गटांतला फरक मोठा दिसतो. पण होल्डआउट गटातले ग्राहकही यथावकाश येतात आणि महिन्याभरात तो फरक आटतो. अशी जाहिरात खरेदी वाढवत नाही, फक्त अलीकडे ओढते.

तिसरी गोष्ट आपल्याकडच्या कॅश ऑन डिलिव्हरीची. घाईत दिलेली ऑर्डर दारातून परत जाऊ शकते आणि जाण्या-येण्याचे भाडे विक्रेत्याच्या माथी बसते. त्यामुळे नोंदवलेल्या नव्हे, तर ग्राहकाने स्वीकारलेल्या ऑर्डर मोजायला हव्यात.

प्रत्यक्ष प्रयोगांत काय आढळले?

होल्डआउट गटातल्या कोणाला जाहिरात दिसली ‘असती’, हे कळले तर मोजणी अधिक नेमकी होते. गॅरेट जॉन्सन, रँडल लुईस आणि एल्मार नुबेमायर या संशोधकांनी २०१७ मध्ये यासाठी ‘घोस्ट ॲड्स’ ही पद्धत मांडली. होल्डआउट गटातल्या व्यक्तीसमोर आपली जाहिरात येणार, असे यंत्रणेने ठरवले की त्या क्षणाची फक्त नोंद होते आणि रांगेतली पुढची जाहिरात दाखवली जाते. त्यामुळे जाहिरात पाहिलेल्यांची तुलना, ती दिसणारच होती अशांशी करता येते. या पद्धतीने तपासलेल्या एका रिटार्गेटिंग मोहिमेत संकेतस्थळाला दिलेल्या भेटी १७.२ टक्क्यांनी आणि खरेदी १०.५ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. म्हणजे परिणाम खरा होता. पण जाहिरात पाहून झालेल्या दर ११० खरेदींपैकी सुमारे १०० जाहिरातीविनाही झाल्या असत्या.

घरबांधणीचे साहित्य विकणाऱ्या बिल्डडायरेक्ट या संकेतस्थळावरचा प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे अशा जाहिरातींमुळे चार आठवड्यांत परत येणारे ग्राहक १४.६ टक्क्यांनी वाढले. पहिल्या आठवड्यातल्या जाहिरातींच्या परिणामापैकी ३३ टक्के परिणाम पहिल्याच दिवशीचा होता. दिवस जातील तसा जोर ओसरतो, त्यामुळे दोन-दोन आठवडे पाठलाग करण्याचा खर्च वेगळा तपासून पाहावा लागतो.

अशा चाचणीला मर्यादा कोणत्या?

मोठी अडचण संख्येची आहे. आपल्या उदाहरणातला ८० ऑर्डरचा फरक योगायोगानेही कमी-जास्त होऊ शकतो. दहा हजारांच्या गटांत खरा आकडा साधारण ५ ते १५५ यांमध्ये कुठेही असू शकतो. खर्च भरून निघायला १०० जादा ऑर्डर लागतात, म्हणजे मोहीम तोट्यात आहे की नफ्यात, हे या एका चाचणीने पक्के होत नाही. पण १५५ हा वरचा आकडा धरला, तरी तो डॅशबोर्डच्या ६०० च्या जवळपासही जात नाही. आकडा फुगलेला आहे, एवढे मात्र ठाम सांगता येते. ही अनिश्चितता निम्मी करायची तर चौपट ग्राहक लागतात. दर महिन्याला पाचशे कार्ट सुटणाऱ्या छोट्या विक्रेत्याने पंधरा दिवसांची चाचणी घेतली, तर तिच्यातून काहीच निष्पन्न होणार नाही. त्याला अनेक महिन्यांची बेरीज करावी लागेल.

दुसरे म्हणजे होल्डआउट गटाला वगळण्याची सूचना सगळ्याच मोहिमांना द्यावी लागते. एका मोहिमेतून वगळलेला ग्राहक आपोआप चालणाऱ्या दुसऱ्या मोहिमेच्या यादीत राहिला, तर त्यालाही जाहिरात दिसते, दोन गटांतला फरक पुसला जातो आणि जाहिरात प्रत्यक्षाहून निरुपयोगी भासते. दोन्ही गटांतल्या काही ग्राहकांच्या नोंदी अधूनमधून उघडून जाहिरात कुणाला दाखवली गेली, हे पाहिले तर ही गळती वेळीच लक्षात येते.

तिसरे, एका सणाच्या हंगामातला निष्कर्ष वर्षभर लागू पडत नाही. दिवाळीच्या तोंडावर लोक तसेही परत येऊन खरेदी करतात, त्यामुळे तेव्हा जाहिरातीचा वाटा कमी भरू शकतो. मंदीच्या महिन्यांत चित्र उलटेही असू शकते. त्यामुळे काही मोठे विक्रेते कार्ट सोडणाऱ्यांतला एक छोटा हिस्सा कायमच जाहिरातींपासून दूर ठेवतात. त्या हिश्श्यातल्या काही विक्रीवर पाणी सोडावे लागते, पण बाकीच्यांवर होणाऱ्या खर्चातून खरोखर काय मिळते, हे त्यामुळेच दर महिन्याला कळते.