बर्फ आधी, हिमनदी मागाहून

मे महिन्याच्या अखेरीस मराठवाड्यातली गोदावरी ठिकठिकाणी डोहांपुरती उरलेली असते. त्याच दिवसांत हिमाचल प्रदेशातल्या भाक्रा धरणाकडे येणारी सतलज मात्र दिवसेंदिवस फुगत जाते. मोसमी पाऊस तेव्हा दोन्हीकडे पोहोचलेला नसतो. सतलजला हे पाणी मिळते ते आधीच्या हिवाळ्यात पडून राहिलेल्या बर्फातून. भाक्र्याला वर्षभरात येणाऱ्या पाण्यात बर्फ आणि हिमनद्यांचा वाटा सुमारे ६० टक्के असल्याचे अभ्यासकांनी काढले आहे.

तिबेटच्या पठारावरून येणारी सतलज किन्नौरमध्ये भारतात शिरते आणि खाब येथे तिला स्पिती नदी मिळते. हा सगळा भाग पर्जन्यछायेत मोडतो. इथे ओलावा येतो तो मुख्यतः हिवाळ्यात, भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांबरोबर, आणि तो बर्फ होऊन डोंगरावरच थांबतो.

मार्चपासून हे बर्फ खालच्या उतारांवर वितळू लागते. ते किती वेगाने वितळते, याचा अंदाज बांधण्याची एक सोपी रीत जलशास्त्रज्ञ वापरतात. दिवसाचे सरासरी तापमान शून्याच्या वर जितके अंश असेल, तितक्या प्रत्येक अंशामागे बर्फातून साधारण ४ मिलिमीटर पाणी सुटते, असे धरायचे. हा आकडा जागेनुसार बदलतो, पण हिशेब कळायला पुरेसा आहे. समजा, एका उतारावर एक मीटर जाडीचे, दबून घट्ट झालेले बर्फ आहे. त्यात सुमारे ४० सेंटीमीटर पाणी असते. सरासरी तापमान ५ अंश असेल, तर रोज २० मिलिमीटर पाणी निघेल, म्हणजे एका चौरस किलोमीटरमधून दिवसाला २ कोटी लिटर. या वेगाने तो उतार २० दिवसांत उघडा पडेल.

मग नदी आटत का नाही? कारण उंचीबरोबर तापमान घटते, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी. खालचा उतार संपतो तेव्हा वरचा नुकता वितळू लागलेला असतो. हिमरेषा अशी महिनोन्‌महिने वर सरकत जाते आणि सतलजला एकाच वेळी लोंढा न येता पाणी मिळत राहते. पंजाबात जूनमध्ये भाताची लावणी सुरू होते, तेव्हा हेच पाणी कामी येते.

हिमनदीची पाळी यानंतर येते. तिच्या अंगावरही हिवाळ्याचे बर्फ असते आणि ताजे पांढरे बर्फ ऊन मोठ्या प्रमाणात परतवून लावते. जून-जुलैमध्ये ते पांघरूण गेले की खालचा जुना, मळकट बर्फ उघडा पडतो. तो ऊन जास्त शोषतो, त्यामुळे त्याच तापमानाला जवळजवळ दीडपट-दुपटीने वितळतो. हिमनदीच्या तोंडाशी उभे राहिले तर हे डोळ्यांनी दिसते. पहाटे ओढा बारीक असतो, तर दुपारनंतर राखाडी, गढूळ पाणी दगडांवरून उसळते. पुढे शेकडो किलोमीटर वाहताना हे रोजचे चढउतार विरून जातात.

हिवाळ्यात बर्फ कमी पडले तर हिमनदी लवकर उघडी पडते आणि जास्त वितळून नदीची तूट काही अंशी भरून काढते. पण ही भर तिच्या जुन्या साठ्यातून निघते. शेजारच्या चिनाब खोऱ्यात, लाहौलमधल्या छोटा शिग्री हिमनदीवर २००२पासून दरवर्षी मोजणी होते. बर्फात खोल भोके पाडून बांबूच्या काठ्या रोवतात आणि पुढच्या वर्षी काठीचा किती भाग उघडा पडला ते मोजतात. वरच्या भागात नव्याने साठलेले बर्फ मिळवूनही दरवर्षी सरासरी सुमारे अर्धा मीटर पाण्याइतकी घट निघाली आहे. हिमनदी अशी झिजत असताना काही काळ नदीचे पाणी उलट वाढते. पुढे वितळायला क्षेत्रच कमी उरते आणि उन्हाळ्याचा प्रवाह घटू लागतो. त्यामुळे नदीला पाणी वाढले म्हणजे हिमनदी सुखरूप आहे, असे नव्हे.

या पुरवठ्याला ऋतूची मर्यादाही आहे. डिसेंबर-जानेवारीत वर सगळे गोठलेले असते आणि सतलज अगदी रोडावते. तेव्हा ती वाहते मुख्यतः जमिनीत मुरलेल्या पाण्यावर, आणि त्यातही उन्हाळ्यात मुरलेल्या बर्फाच्या पाण्याचा वाटा असतो. अंतरही महत्त्वाचे ठरते. गंगा मैदानात उतरून पूर्वेकडे जाते तसे तिच्यात मोसमी पावसाचे आणि भूजलाचे पाणी इतके मिसळते, की हिमनद्यांचा वाटा थोडाच उरतो. सिंधूच्या खोऱ्यात, जिथे खाली पाऊस तुटपुंजा आहे, तिथे तो मोठाच राहतो.

म्हणून ‘हिमालयातील नद्या हिमनद्यांमुळे बारमाही आहेत’ हे उत्तर विद्यार्थ्यांनी अपुरे समजावे. नदीचा कोणता टप्पा आणि वर्षाचा कोणता महिना, हे सांगितल्यावरच ते पूर्ण होते.