फंक्शन संपतं, आकडा उरतो

सी भाषेत फंक्शनच्या आत घेतलेला साधा व्हेरिएबल अल्पायुषी असतो. फंक्शनला हाक मारली की त्याला जागा मिळते, काम संपलं की ती जागा सुटते. त्यामुळे अशा व्हेरिएबलमध्ये मोजणी ठेवली, तर दर वेळी पाटी कोरीच. यावर उपाय एका शब्दाचा आहे:

```c
int mojni(void) {
    static int n = 0;
    n++;
    return n;
}
```

हे फंक्शन तीनदा बोलावलं, तर 1, 2, 3 अशी उत्तरं येतात. `static` काढून टाका, तिन्ही वेळा 1 च मिळेल.

नवशिक्याला कोडं पडतं ते `= 0` चं. ती ओळ दर वेळी शून्य का करत नाही? कारण ती नेमणूक नव्हे, सुरुवातीची किंमत आहे. प्रोग्रॅम सुरू होण्याआधी ती एकदाच ठरते, म्हणूनच तिथे स्थिर किंमत लागते. दुसऱ्या फंक्शनचं उत्तर लिहिलं, तर कंपायलर अडवतो. मात्र `n = 0;` ही वेगळी ओळ खाली लिहिली, की मोजणी दर वेळी पुसली जाते.

`n` प्रोग्रॅम संपेपर्यंत जिवंत राहतो, पण त्याचं नाव फंक्शनबाहेर चालत नाही. आणि तो एकच असतो: दोन ठिकाणांहून `mojni` बोलावलं, तर दोघांची मोजणी एकत्रच होते. वेगवेगळी मोजणी हवी असेल, तर आकडा बोलावणाऱ्याने स्वतःकडे ठेवून त्याचा पत्ता फंक्शनला द्यावा.