कुत्र्याचं ताट, उंदरांची पंगत

"बी विंगच्या जिन्याखाली आणि पंपरूममागे रात्री भात-पोळ्या ठेवलेल्या दिसतात. कुत्रे अर्धं खाऊन जातात, उरलेल्यावर उंदीर येतात. कृपया जिन्यात अन्न ठेवू नये. कुत्र्यांना खायला घालायचं असेल तर सोसायटीने ठरवलेल्या जागी, संध्याकाळी सातला घाला आणि पंधरा मिनिटांत भांडं उचला."

सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा मजकूर एवढाच असावा. 'काही लोकांना अक्कल नाही' असं एक वाक्य त्यात घुसलं की उंदीर बाजूला राहतात आणि प्राणिप्रेमी विरुद्ध बाकीचे असा सामना रंगतो.

या मजकुरात कुत्र्यांना घालू नका, असं कुठेही म्हटलेलं नाही, आणि ते बरोबरच आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 नुसार आवारातल्या कुत्र्यांच्या खाण्याची जागा आणि वेळ ठरवणं हे सोसायटीचंच काम आहे. मात्र ती जागा जिने, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर हवी, आणि घाणही होता कामा नये. म्हणजे जिन्यातल्या ताटाला कायद्याचाही आधार नाही.

खरी गोम उरलेल्या भातात आहे. एका उंदराला दिवसाला साधारण 20 ते 30 ग्रॅम अन्न पुरतं. वाटीभर भात म्हणजे चार-पाच जणांचं जेवण, तेही रोज, ठरलेल्या जागी. मग पेस्ट कंट्रोलवाला विषाच्या वड्या ठेवून जातो आणि त्या तशाच पडून राहतात. उंदीर मुळात नव्या वस्तूला बिचकतो. ओळखीचा भात शेजारी असताना तो वडी कशाला कुरतडेल? सोसायटी मात्र 'औषध बोगस आहे' म्हणून दुसरा कंत्राटदार शोधते.

ग्रुपवर "आमच्याकडे उंदीर नाहीतच" असं उत्तर हमखास येतं. वाद घालू नका, पंपरूमच्या कडेने फिरून या. भिंतीलगत तेलकट काळपट पट्टा दिसला तर ती उंदरांची रोजची वाट. लेंड्या काळ्या आणि ओलसर असतील तर ताज्या. बिळाच्या तोंडात संध्याकाळी कागदाचा बोळा हलकेच कोंबा. सकाळी तो बाहेर पडलेला असेल तर बीळ चालू आहे. त्याचाच फोटो ग्रुपवर टाका. पावसाळ्यात तर हे टाळूच नये, कारण उंदरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात.

अन्न बंद झालं की उंदीर कमी होण्याआधी जास्त दिसू लागतात. भुकेले असतात, कचऱ्याच्या डब्यांकडे वळतात. लोक म्हणतात, बघा, उलटंच झालं! खरं तर वड्या ठेवायची वेळ हीच. त्या कुत्र्या-मांजरांचं तोंड पोचणार नाही अशा बंद पेटीत ठेवायच्या आणि डब्यांना झाकणं लावायची. बिळं सिमेंटने बुजवायची ती सगळ्यात शेवटी, बोळे दोन-तीन रात्री जागचे हलले नाहीत की मगच.