स्ट्रिपच्या डबीचे नव्वद दिवस

शुगर तपासायच्या स्ट्रिपच्या डबीवर दोन तारखा असायला हव्यात. मुदत संपण्याची तारीख कंपनी छापते. डबी पहिल्यांदा उघडल्याची तारीख आपण लिहायची असते आणि तिच्यासाठी लेबलवर बहुधा कोरी जागाही असते. ती कोरीच राहते. बऱ्याच कंपन्या उघडलेल्या डबीला तीन महिने देतात, काही सहा देतात, काहींच्या स्ट्रिप छापील तारखेपर्यंत चालतात. त्यामुळे सोबतचा कागद वाचणं आलंच. तीन महिन्यांची डबी जुलैत उघडली, तर छापील तारीख पुढच्या वर्षाची असली तरी ऑक्टोबरात ती बाद धरायची.

रक्त ओढून घेणाऱ्या स्ट्रिपच्या टोकाशी बारीक फटीत एका एन्झाइमचा सुकवलेला थर असतो. बहुतेक वेळा ते ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा ग्लुकोज डीहायड्रोजनेज असतं. त्याच्या जोडीला इलेक्ट्रॉन वाहून नेणारं रसायन असतं. रक्ताचा थेंब लागला की थर विरघळतो, एन्झाइम ग्लुकोजमधून इलेक्ट्रॉन काढतं, वाहक रसायन ते पुढे पोचवतं आणि त्या विजेच्या प्रवाहावरून मशीन आकडा दाखवतं. हा थर रक्त लागेपर्यंत कोरडा राहिला पाहिजे. दमट हवा लागत राहिली की तो हळूहळू बिघडतो. एन्झाइम मंदावलं तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो, वाहक रसायन आधीच बदललं असेल तर जास्त. आणि बिघडलेली स्ट्रिप दिसायला नव्यासारखीच असते. इन्सुलिन घेणाऱ्याने अशा चढ्या आकड्यावर डोस वाढवला, तर शुगर धोकादायकरीत्या उतरू शकते.

म्हणून डबीच्या भिंतीत किंवा झाकणात ओलावा शोषणारा पदार्थ बसवलेला असतो. त्याची शोषण्याची ताकद मोजकी असते. कोकणात पावसाळ्यात हवा ३० अंशांवर, ९० टक्के आर्द्रतेची असेल, तर तिच्या एका घनमीटरात साधारण २७ ग्रॅम पाणी असतं. हिवाळ्यातल्या पुण्याच्या कोरड्या दुपारी ते याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास भरतं. झाकण उघडलं की आतली कोरडी हवा बाहेर जाते, ओली आत येते, आणि तो पदार्थ थोडा खर्च होतो. झाकण रात्रभर उघडं राहिलं, तर महिन्यांचा साठा एका रात्रीत संपू शकतो. अशी डबी मुदतीत असली तरी माझ्या मते तिच्यावर विसंबू नये.

वापराचा हिशेब इथेच चुकतो. रत्नागिरीतले एक आजोबा गोळ्यांवर आहेत आणि डॉक्टरांनी त्यांना आठवड्यातून दोनदा तपासायला सांगितलंय, असं धरू. नव्वद दिवसांत त्यांच्या फार तर २६ स्ट्रिप लागतील. स्वस्त पडते म्हणून ५० ची डबी घेतली, तर निम्मी मुदतीबाहेर जाते. त्यांनी २५ ची डबी घ्यावी, किंवा प्रत्येक स्ट्रिप वेगळ्या फॉइलमध्ये येणारा प्रकार घ्यावा. फॉइल फोडेपर्यंत त्या स्ट्रिपचं हवेशी नातंच नसतं.

स्ट्रिप काढायची ती कोरड्या हातांनी, आणि ती मशीनला लावायच्या आधी झाकण टक् असा आवाज येईपर्यंत दाबायचं. प्रवासाला चार स्ट्रिप कागदात किंवा गोळ्यांच्या डबीत नेऊ नयेत, सगळी डबीच न्यावी. बऱ्याच स्ट्रिपना ४ ते ३० अंश चालतात, पण फ्रिज हा उपाय नव्हे. थंड डबी बाहेर काढून उघडली की दमट हवेतली वाफ स्ट्रिपवर थिजते. कपाटाचा सावलीतला, चूल आणि न्हाणीघरापासून लांबचा खण बरा. विदर्भातल्या मे महिन्यात मात्र ओलाव्यापेक्षा उष्णता घातक असते. बंद गाडीत डबी कधीच ठेवू नये.

शंका आली तर कंट्रोल सोल्युशन वापरावं. हे ठरावीक ग्लुकोज असलेलं द्रावण आपल्या मशीनच्या कंपनीचंच घ्यायचं. रक्ताऐवजी त्याचा थेंब लावायचा आणि येणारा आकडा डबीवर छापलेल्या पट्ट्यात बसतो का ते पाहायचं. या बाटलीलाही उघडल्यावरची मुदत असते, बहुधा तीन महिन्यांची. द्रावण मेडिकलमध्ये मिळालं नाही, तर लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त देताना त्याच वेळी बोटातलंही तपासावं. १०० च्या वरच्या आकड्यांत १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मशीनच्या आंतरराष्ट्रीय मानकालाही चालतो. लॅबचा आकडा १४० आणि आपला १९० असेल, तर बहुधा डबी टाकायची वेळ झाली. नव्या डबीतही तेवढाच फरक आला, तर मशीन तपासून घ्यावं.

लॅन्सेटचं गणित सोपं आहे. त्यात रसायन नसतं, जपायचं असतं ते निर्जंतुकपण, आणि ते सुईवरच्या प्लास्टिकच्या टोपीत सुरक्षित असतं. टोपी सैल झालेली, ओली झालेली किंवा मुदत संपलेली सुई टाकून द्यावी. वापरलेली सुई पेनात तशीच ठेवू नये. तिच्यावर रक्त असतं, ती बोथट झालेली असते आणि पुढच्या वेळी जास्त दुखते. जाड प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीत टाकून तिचं झाकण घट्ट लावावं, म्हणजे कचरा उचलणाऱ्याच्या हाताला ती टोचत नाही.