दिवसाचा दर आणि आदल्या रात्रीचं काम

गुरुवारी संध्याकाळी चाकणच्या कारखान्यातून फोन येतो. "मॅडम, सोमवारी जपानहून तिघं येतायत. दिवसभराची मीटिंग आहे, इंटरप्रिटर हवाय. तुमचा रेट काय?" नवखी दुभाषी लगेच आकडा सांगून मोकळी होते. मुरलेली आधी उलट विचारते: विषय काय, कोण कोण येणार, काम मीटिंग रूममध्ये आहे की शॉपफ्लोअरवर, आणि कागद कधी पाठवता? दर या उत्तरांवर ठरतो.

पुण्यात जपानीच्या फ्रीलान्स दुभाष्यांना काम मिळतं ते मुख्यतः चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यातल्या वाहन-उद्योगामुळे. कंपन्या बहुधा जेएलपीटी परीक्षेची एन-टू पातळी तरी मागतात. गंमत अशी, की या परीक्षेत बोलण्याचा पेपरच नाही. वाचता आलं आणि ऐकून कळलं की पास. दोन माणसांच्या मध्ये बसून बोलण्याची कला माणूस कामावरच शिकतो, आणि त्यातली निम्मी कला मीटिंगच्या आधी घरी बसून साधायची असते.

समजा, सोमवारचा विषय आहे डायमध्ये आलेला दोष आणि लांबलेला पुरवठा. मागायचं ते असं: मागच्या बैठकीचं इतिवृत्त, दाखवायच्या स्लाइड्स, पार्टचं ड्रॉइंग आणि येणाऱ्यांची नावं हुद्द्यासकट. जपानी नावांची चित्रलिपी एकच असली तरी वाचन वेगवेगळं असू शकतं, त्यामुळे नावाचा उच्चार आधीच विचारून घेतलेला बरा. पाहुण्या साहेबांचं नाव पहिल्याच वाक्यात चुकलं, तर पुढचा तासभर आपल्यावरचा विश्वास कमीच राहतो. ड्रॉइंग गोपनीय आहे म्हणून कंपनी द्यायला कचरली, तर गोपनीयतेच्या करारावर सही करायची आणि मग मागायचं.

मग शब्दांचा तक्ता. त्यात तीन रकाने हवेत: जपानी, इंग्रजी आणि कारखान्यात तोंडी चालणारा शब्द. हा तिसरा रकाना कुठल्याही कोशात मिळत नाही. जपानी इंजिनिअर 'कानागाता' म्हणतो, त्याला आपल्याकडचा ऑपरेटर 'डाय' म्हणतो. कापलेल्या धातूच्या कडेला राहिलेली करवत 'बारी', आपल्याकडे 'बर'. एक काम संपवून दुसऱ्यासाठी मशिन लावणं म्हणजे 'दांदोरी', आपल्याकडे 'सेटिंग बदलणं'. ऑपरेटरपुढे शुद्ध पारिभाषिक मराठी झाडली, तर तो आदराने मान हलवतो आणि पहिल्यासारखंच काम करत राहतो. शंभरेक शब्दांचा असा तक्ता आणि ड्रॉइंगचा अभ्यास यात आठ-दहा तास सहज जातात.

प्रत्यक्ष मीटिंगमध्ये बोलणारा थांबला की दुभाषी बोलते. तोवर एक मिनिट जाईल किंवा चार, नुसत्या स्मरणशक्तीवर तेवढं पेलत नाही. म्हणून हातात वही. वरून स्पायरल असलेली, एका हातात धरून पान उलटता येईल अशी. तिच्यात उतरवायचे ते विचार. शब्द टिपत बसलं, की ऐकणं थांबतं. या टिपणांचं शास्त्र जाँ-फ्रांस्वा रोझाँ या दुभाष्याने 1956 साली एका छोट्या पुस्तकात मांडलं. नोंदी ओळीत न लिहिता पायऱ्यांसारख्या खाली उतरत्या लिहाव्यात, नकार आणि जोडणारे शब्द ठळक ठेवावेत, हा त्याचा सल्ला आजही शिकवला जातो.

एक वाक्य घेऊ. पाहुणे म्हणाले: "गेल्या महिन्यात तीन नंबरच्या डायमध्ये दोष आला, म्हणून पुरवठा दोन आठवडे लांबला. पण स्टीलचा भाव वाढला नाही, तर एप्रिलपासून दरमहा 5,000 नग देऊ." वहीत एवढंच उरतं:

गे.म. डाय 3 ✗
→ पुर. +2 आ.
पण
जर स्टील ↑ नाही
एप्रि. → 5,000/म.

'पण' डाव्या समासाला चिकटून आणि 'नाही'भोवती गोल. हे दोन निसटले, तर सशर्त कबुलीचं पक्कं आश्वासन होऊन बसतं आणि एप्रिलमध्ये भांडण उभं राहतं. मुद्दा संपला की खाली आडवी रेघ मारायची, म्हणजे बोलताना नजर कुठे थांबवायची ते कळतं.

खरा घाम फोडतात ते आकडे. जपानी मोजणी दहा हजारांच्या टप्प्याने जाते. दहा हजारांचं एक 'मान', दहा कोटींचं एक 'ओकु'. 'तीन ओकु पाच हजार मान' ऐकलं की आपल्या हिशेबाने 35 कोटी येन सांगायचे, तेही न अडखळता. बिचारीने तिथे मनात भागाकार केला तर पुढचं वाक्य हुकलंच. म्हणून आकडा ऐकताक्षणी तसाच मूळ एककासह टिपायचा आणि बोलायची पाळी आल्यावर बदलायचा. मोठी रक्कम असेल, तर कागदावर लिहून दोन्ही बाजूंना दाखवावी. प्रश्न एक आणि उत्तर भलतंच आलं, तर मधे काहीतरी हुकलंय असं समजावं आणि तिथेच थांबवून विचारावं.

परिषदेत किंवा मोठ्या कार्यक्रमात भाषण सुरू असतानाच काचेच्या बूथमधून बोलायचं असेल, तर माणसं दोन लागतात. वीस ते तीस मिनिटांनी ती आलटून पालटून बोलतात, कारण त्यापुढे चुका वाढतात आणि बोलणाऱ्याला स्वतःला त्या कळत नाहीत. एकट्याने हे काम घेऊ नये. खर्च वाचवण्यासाठी आयोजक गळ घालतात, तरीही.

आता पैसे. दर दिवसाचा असतो. दिवस म्हणजे जेवणासकट आठ तास, अर्धा दिवस म्हणजे चार. अर्ध्या दिवसाला मात्र अर्धे पैसे घेत नाहीत, साठ-सत्तर टक्के घेतात, कारण तयारी तेवढीच लागते आणि चाकणहून दुपारी दोनला सुटून त्या दिवशी दुसरं काम गाठणं अशक्य. समजा, दिवसाला 12,000 आणि जादा तासाला 2,000 ठरले. नऊला सुरू झालेली मीटिंग पाचऐवजी सातला संपली. बिल 16,000, शिवाय टॅक्सीचा खर्च वेगळा. कंपनीने 10 टक्के टीडीएस कापला की खात्यात 14,400 येतात. कापलेले 1,600 विवरणपत्रात आपल्या नावावर जमा दिसतात. तयारीचे दहा तास, तिथले दहा आणि प्रवासाचे तीन धरले, तर तासाला सातशेसुद्धा पडत नाहीत. 'बोलायचेच तर पैसे' म्हणणाऱ्या खरेदी विभागाला हा हिशेब दाखवावा.

काम एजन्सीमार्फत आलं, तर ती ग्राहकाकडून जास्त घेते आणि आपल्याला कमी देते. बदल्यात बिलाचा पाठपुरावा तिच्या डोक्याला. अशा कामात ग्राहकाला स्वतःचं कार्ड द्यायचं नाही, हा धंद्यातला अलिखित नियम आहे.

पाहुण्यांचं विमान रद्द झालं, मीटिंग आदल्या दिवशी रद्द झाली, तर काय? तयारी झालेली असते, दुसरी कामं नाकारलेली असतात. म्हणून रद्द करण्याचं शुल्क, जादा तासांचा दर, प्रवासखर्च आणि पैसे किती दिवसांत मिळणार हे चारही मुद्दे फोनवर ठरले, तरी त्याच संध्याकाळी ईमेलने पाठवावेत आणि समोरच्याचं 'मान्य' हे उत्तर आल्यावरच सोमवारची तारीख डायरीत पक्की करावी. आणि बोलावणाऱ्या कंपन्यांना एक विनंती: कागद दोन दिवस आधी पाठवा आणि जेवणाच्या टेबलावर दुभाषीला गप्पांचं भाषांतर करायला बसवणार असाल, तर तिला आधी अर्धा तास देऊन निवांत जेवू द्या.